कंबरेपासून खोक्यापर्यंत

पोस्टर मात्र देखणं होतं, उगाच नावं कशाला ठेवा! निळ्या कागदावर दोन माणसं. डावीकडचा कंबरेत वाकून खोकं उचलतोय, त्याच्यावर लाल फुली. उजवीकडचा गुडघे वाकवून उकिडवा बसलाय, पाठ कशी ताठ, त्याच्यावर हिरवी खूण. खाली ठळक अक्षरांत 'गुडघे वाकवा, पाठ वाचवा', आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत ताईचं नाव आणि पदवी. गोदामाला चौदा खांब होते आणि चौदाही खांबांवर हे पोस्टर होतं. ताई पहिल्या दिवशी सगळे खांब फिरून आली होती. कुणी बघत नाही असं पाहून एकाचा फोटोही काढला होता तिने, आईला दाखवायला.

चित्रातलं खोकं होतं एवढंसं. जोड्यांच्या खोक्यापेक्षा जरासं मोठं, दोन गुडघ्यांच्या मध्ये आरामात मावेल असं. गोदाम होतं वॉशबेसिन आणि कमोडचं. तिथे एवढंसं खोकं शोधून सापडलं नसतं. पण चित्र पाहताना हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईच्या तर नाहीच नाही.

ताई फिजिओथेरपिस्ट. घराच्या पुढच्या खोलीत दोन खाटांचा दवाखाना, गुडघे धरून येणाऱ्या म्हाताऱ्या आणि मान धरून येणारे कॉम्प्युटरवाले. त्यात या कंपनीचं काम मिळालं. महिन्यातून दोनदा गोदामात जायचं, हमालांना ओझं कसं उचलायचं ते शिकवायचं, सह्या घ्यायच्या. कंपनी त्यांना लोडर म्हणायची, पण ते आपसांत हमालच म्हणायचे. अठरा जण होते. पहिल्या तासालाच त्यांनी तिचं नाव ठेवलं, कणाताई. तिला ते आवडलं होतं.

अठरांत सगळ्यांत थोरले काका. एकतीस वर्षं याच गोदामात. मॅनेजरसुद्धा त्यांना काकाच म्हणायचा. माणूस हाडकुळा, बोलायला कमी, आणि उचलण्याची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी. जमिनीवर आडवं पडलेलं बेसिनचं खोकं ते आधी एका कडेवर उभं करत. तेवढं करताना अर्धं ओझं जमिनीवरच असायचं. मग एक पाय पुढे घालून खोकं स्वतःकडे कलतं करायचं, मांडीवर ओढून घ्यायचं, दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळायचं आणि उठायचं. झोपलेल्या लेकराला उचलावं तसं. दिसायला अगदीच गबाळं.

पहिल्याच दिवशी ताईने ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"काका, हे काय चाललंय? मी आत्ता तासभर घसा कोरडा केला तो कुणासाठी?"

"ताई, असं हलकं जातं," काका म्हणाले.

"हलकं जातं म्हणून काय कसंही उचलायचं? कंबर पिरगळते त्यात. एक पाय पुढे, एक मागे! चला, ठेवा खाली. आता मी दाखवलं तसं."

काकांनी खोकं खाली ठेवलं. सगळे बघत होते. ते खोक्यासमोर उकिडवे बसले, पाठ ताठ केली, गुडघ्यांच्या पलीकडे हात लांब करून खोक्याच्या कडा धरल्या आणि उठले. उठताना त्यांच्या तोंडून बारीकसा 'हं' निघाला. ताईने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या, त्यात थोडी चेष्टा होती.

"बघा, जमतंय की!" ती म्हणाली.

तास संपल्यावर सह्यांचे कागद फिरले. प्रत्येकाचा वेगळा कागद, पुढे सही आणि मागे 'सूचना' असा रिकामा चौकोन. तो चौकोन कुणी भरत नसे. ताईने अठरा कागद गोळा केले, पिशवीत घातले, घरी आल्यावर फाइलला लावले. काम चोख असायचं तिचं. पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने काकांना खोकं उभं केल्याबद्दल ताकीदपत्र दिलं. खोक्यावर बाण असतो, ही बाजू वर, तो बाण आडवा झाला म्हणून. ताईला हे कळलं तेव्हा तिला वाटलं, बरं झालं, आता तरी ऐकतील. आणि काका ऐकू लागले. एकतीस वर्षांची सवय त्यांनी दोन आठवड्यांत सोडली.

आठ महिन्यांनी काका पडले.

पडले म्हणजे धाडकन नव्हे. बेसिनचं खोकं उचललं, अर्धे उठले आणि तसेच थांबले. मग खोकं हळूच खाली टेकवलं, फुटू नये म्हणून, आणि त्याच्यावरच हात ठेवून गुडघ्यांवर बसले. उजव्या पायात वीज गेल्यासारखं झालं, म्हणाले. दवाखान्यात तपासणी झाली. कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकून नसेवर बसली होती. ऑपरेशन झालं, दुखणं कमी झालं, पण उजवं पाऊल वर उचलेना. चालताना चप्पल फरफटत येई. डॉक्टरांनी लिहून दिलं, यापुढे ओझं नाही, कधीच नाही.

आता प्रश्न उरला एकच. कंपनीत नियम होता की कामावर दुखापत झाली आणि त्यात माणसाची स्वतःची चूक नसली, तर त्याला निवृत्तीपर्यंत बसून करायचं काम द्यायचं. गेटवर एक जागा रिकामी होणारच होती. गाडी आली की कागद बघायचे, फाटक उघडायला सांगायचं, स्टुलावर बसायचं. काकांची चार वर्षं राहिली होती. चूक त्यांची नसली तर स्टूल, चूक त्यांची असली तर घर. चौकशी लागली.

मॅनेजरने ताईला बोलावून घेतलं. केबिनमध्ये पंखा गरगरत होता आणि त्याच्या टेबलावर कॅमेऱ्याचं चित्रण लावून ठेवलं होतं.

"मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही हे बघायचं आणि लिहून द्यायचं की पद्धत पाळली नाही. खोकं बावीस किलोचं आहे, आपली मर्यादा पंचवीस. वजनाचा प्रश्नच येत नाही. मग राहिलं काय? पद्धत."

ताईने चित्रण पाहिलं. एकदा, दोनदा, मग थांबवत थांबवत. काका खोक्यासमोर उकिडवे बसले होते. टाचा टेकलेल्या, पाठ ताठ, नजर समोर. अठरांत इतकं नेमकं कुणी करत नव्हतं. पोस्टरवर यांचंच चित्र काढायला हवं होतं.

"यांनी सगळं बरोबर केलंय," ती म्हणाली.

"असं कसं, मॅडम? बरोबर केलं असतं तर कंबर गेली असती का? नीट बघा. पाय जास्त फाकलेत, नाही का? झटका दिला असेल." मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, त्यांनी पद्धत पाळली असेल तर मग पद्धतच चुकीची ठरते. आणि पद्धत कुणाची? मी आपलं तुमच्या काळजीपोटी सांगतोय."

काळजी! ताईने पिशवी खांद्याला लावली. कागद घरी नेऊन भरते म्हणाली आणि उठली. जाताना खांबावरच्या पोस्टरकडे तिचं लक्ष गेलं आणि पहिल्यांदाच तिला त्या चित्रातलं खोकं दिसलं.

घरी येताना वाटेत तिने नळाच्या सामानाच्या दुकानातून बेसिनचं रिकामं खोकं मागून घेतलं. साठ सेंटिमीटर लांब, पन्नास रुंद, वीस जाड. पुढच्या खोलीतल्या दोन्ही खाटा भिंतीला लावल्या आणि खोकं मध्यभागी आडवं टाकलं. आईला हाक मारली. आई शिवणकामाची टेप गळ्यात घालूनच आली.

"हे काय नवीन खूळ?"

"आई, मी उचलायला बसते. तू माझ्या कंबरेच्या खालच्या हाडापासून खोक्याच्या मध्यापर्यंत आडवं अंतर माप. तिरकं नाही, जमिनीला समांतर."

ताई पोस्टरप्रमाणे बसली. खोकं गुडघ्यांच्या मध्ये येईना. कसं येणार? एवढे गुडघे फाकवायचे तर डोंबाऱ्याचीच पोर हवी. म्हणून ते गुडघ्यांच्या पुढे राहिलं. गुडघे पुढे आले, ढुंगण मागे गेलं, हात लांब करावे लागले.

"अगं, तू लोकांना हेच शिकवतेस ना?" आई टेप धरून म्हणाली. "मग तुझे हात का पुरेनात? पंच्याहत्तर."

"काय?"

"पंच्याहत्तर सेंटिमीटर. आता ऊठ, माझीच कंबर भरून आली."

मग ताईने काकांसारखं केलं. खोकं कडेवर उभं केलं, मांडीवर ओढलं, पोटाशी धरलं. आईने टेप लावली आणि म्हणाली, "पस्तीस." मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "असंच तर आम्ही पाण्याची कळशी घ्यायचो, कडेवर. लांब धरून कोण आणतं?"

ताई तशीच जमिनीवर बसून राहिली. पाठीचा कणा म्हणजे एक तरफ, हे ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेत आकृती काढून आली होती, दहापैकी नऊ मार्क पडले होते. पोरं खेळतात त्या सी-सॉसारखंच ते. खालच्या मणक्याची गादी म्हणजे मधला खुंटा. पुढच्या बाजूला ओझं आणि आपलंच धड, मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. फरक इतकाच की स्नायूंची बाजू फार तोकडी, खुंट्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर. पुढे ओझं पंच्याहत्तरवर असलं तर त्याला तोलायला स्नायूंना पंधरा पट ओढावं लागतं. पस्तीसवर असलं तर सातच पट. ओझं तेवढंच. आणि खुंट्यावर दोन्ही बाजूंचा भार पडतो, पुढचाही आणि मागचाही.

गुडघे वाकवा म्हणतात ते का? धड कमी झुकावं आणि ओझं गुडघ्यांच्या मध्ये घेऊन अंगाजवळ आणता यावं म्हणून. ओझंच गुडघ्यांत मावत नसेल तर गुडघे वाकवून तुम्ही त्याला उलट दूर ढकलता. ताईने कारण टाकून दिलं होतं आणि नुसते गुडघे शिकवले होते. लाज वाटली तिला. कान गरम झाले, रडूही येईना.

आठ महिने. दिवसाला शंभरेक खोकी. एक काकाच नव्हे, अठरा माणसं.

चौकशीसाठी सह्यांचे कागद लागणार होते, म्हणून तिने फाइल काढली. काकांचा पहिल्या दिवसाचा कागद काढला, सही पाहिली आणि सहज उलटा केला. मागच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं होतं. अक्षरं मोठी मोठी, शाळा लवकर सुटलेल्या माणसाची. 'ताईंना नमस्कार. खोके पोटाशी घेतले तर हलके लागते. नव्या पद्धतीने हात लांब जातात व कंबर भरते. तरी ताईंनी विचार करावा.'

ताईने तो कागद किती वेळ हातात धरला होता कोण जाणे. मग एकदम उठली आणि कामाला लागली. हाच तर पुरावा! काकांना आधीपासून कळलं होतं, काका बरोबर होते, चूक त्यांची नव्हतीच. तिने एक लाकडी पट्टी घेतली. टोकापासून पाच सेंटिमीटरवर खिळा मारून ती एका फळीवर अडकवली, तोकड्या टोकाला मासळीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा बांधून खाली फळीला जखडला. लांब बाजू ऐंशी सेंटिमीटर. दोनशे ग्रॅमचं वजन दोऱ्यात अडकवलं. हे पाहून आंधळ्यालाही कळेल असं तिला वाटलं. आपलं काम जाईल हे तिला दिसत होतं, पण काकांना स्टूल मिळेल. एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिला जरा बरं वाटलं. चूक कबूल करणाऱ्याला वाटतं तसं.

चौकशी दुसऱ्या दिवशी, मॅनेजरच्याच केबिनमध्ये. मुख्य ऑफिसातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. आवाज मऊ, केस विंचरलेले, समोर कोरा कागद. काका बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. बसलं की पायात कळ जायची म्हणून उभे. त्यांना आधीच आत बोलावून विचारून झालं होतं. ताईंनी शिकवलं तसंच केलं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. ताई आत जाताना ते म्हणाले, "ताई, पिशवी जड दिसते. धरू का?" आणि खरंच हात पुढे केला. ताईने नको म्हणून मान हलवली आणि झटकन आत गेली.

आत तिने फळी टेबलावर उभी केली.

"आधी हे बघा. काहीच टांगलेलं नाही. काटा किती दाखवतो?"

"आठशे ग्रॅम," अधिकारी बाई वाकून म्हणाल्या.

"पट्टीची लांब बाजू आहे शंभर ग्रॅमची. तिचं स्वतःचं वजन तोलायलाच काट्याला आठशेने ओढावं लागतंय. माणूस रिकाम्या हातांनी वाकला तरी पाठीवर हेच होतं, धड तोलावं लागतं. आता हे दोनशे ग्रॅम पस्तीसवर टांगते. खोकं पोटाशी धरलंय असं समजा."

काटा दोन किलो दोनशेवर गेला.

"आता हेच वजन पंच्याहत्तरवर. खोकं गुडघ्यांच्या पुढे."

पट्टी कुरकुरली. काटा तीन किलो आठशेवर थांबला.

"वजन वाढवलं का मी? नाही. नुसतं सरकवलं. खरा माणूस काही अशी सरळ पट्टी नसतो, धडाचा कल बदलतो, थोडं इकडेतिकडे होतं. पण खोक्याच्या वाट्याचा भार दुपटीवर जातो, यात शंका नाही. बावीस किलो मर्यादेत आहे म्हणता ना? बावीस किलो कुठे धरलेत ते विचारा! पंच्याहत्तर सेंटिमीटरवर धरले तर नुसत्या खोक्यासाठी पाठीला तीनशे तीस किलोने ओढावं लागतं. धड वेगळंच. आणि पंच्याहत्तरवर धरायला कुणी शिकवलं? मी. काकांनी मी शिकवलं तेच केलं, सगळ्यांत नेमकं त्यांनी केलं. पद्धत या खोक्यांसाठी चुकीची होती. हे मी लिहून देते."

मॅनेजर उगाच फाइलीतली पानं उलटत होता. अधिकारी बाईंनी पेन उचललं.

"मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला," त्या म्हणाल्या, आणि त्या तसं मनापासून म्हणाल्या, हेच वाईट. "म्हणजे काकांना याची कल्पना नव्हती. शिकवलं तसं बिचाऱ्यांनी केलं."

इथे ताईने गप्प बसायचं होतं. एवढं एक वाक्य गिळायचं होतं. पण तिला काकांना नुसतं बिचारं नाही, शहाणं ठरवायचं होतं. काकांना अडाणी समजून आठ महिने काढले, त्याची भरपाई तिला आत्ता, इथे, सगळ्यांसमोर करायची होती.

"कल्पना नव्हती कशी? त्यांनाच तर होती! ते एकतीस वर्षं बरोबर उचलत होते. त्यांनी मला लेखी सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. हे बघा." आणि तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

अधिकारी बाईंनी तो वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला.

"हे फार महत्त्वाचं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे या पद्धतीने आपल्या कंबरेला त्रास होतो, हे त्यांना आठ महिने माहीत होतं."

"हो, म्हणूनच तर..."

"आणि तरी ते तसंच उचलत राहिले."

ताईला काही कळायच्या आत त्यांनी फाइलमधून छापील पान काढलं होतं. कामाच्या नियमांतला अकरावा नियम. आपण करतो त्या कामात धोका आहे असं ज्याला माहीत असेल, त्याने काम थांबवून वरिष्ठांना कळवलं पाहिजे. न कळवता काम चालू ठेवलं तर जबाबदारी त्याची.

"त्यांनी कळवलं होतं! मला कळवलं होतं!" ताई जवळजवळ ओरडली.

"तुम्ही वरिष्ठ नाही, मॅडम. तुम्ही बाहेरच्या आहात." बाई मॅनेजरकडे वळल्या. "तुम्हाला कळवलं होतं?"

"मला? छे!"

"अहो, पण यांनीच ताकीदपत्र दिलं त्यांना, जुन्या पद्धतीने उचललं म्हणून! कसं थांबवणार होते ते?"

"ते खोकं उभं केल्याबद्दल होतं," मॅनेजर म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. "माल फुटू नये म्हणून. कंबरेचा विषयच नव्हता त्यात. हवं तर पत्र दाखवतो."

ताई बोलत राहिली. पट्टी, काटा, अंतर, पुन्हा पट्टी. तिला माणसं ऐकताना दिसत होती आणि एकही शब्द आत जात नव्हता. अधिकारी बाई लिहीत होत्या. शेवटी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, ताईच्या माहितीसाठी म्हणून. प्रशिक्षण सदोष होतं, प्रशिक्षकांनी ते मान्य केलं आहे, त्यांचं काम थांबवावं. कामगाराला धोक्याची पूर्ण जाणीव असल्याचं त्याच्याच अक्षरातल्या लेखी मजकुरावरून दिसतं, तो मजकूर प्रशिक्षकांनीच सादर केला. सबब कामगाराची चूक धरण्यात येत आहे.

"आणि ती पोस्टरं?" मॅनेजरने विचारलं.

"नाव काढून टाका. बाकी माहिती सर्वसाधारण आहे, राहू दे."

ताईने फळी उचलली. काटा फळीवर आपटत होता, त्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

काका तिथेच होते. पण आता एकटे नव्हते, काकूही आल्या होत्या. हातात औषधाची पिशवी, चेहऱ्यावर बळेच आणलेलं हसू. गेटवरच्या स्टुलाला पाठ नाही, तर घरची जुनी खुर्ची दिली तर चालेल का, असं त्या कुणाला विचारावं या विचारात होत्या. ताईला पाहताच त्यांनी तेच विचारलं.

ताईने सांगितलं. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, कागदासकट. उभ्या उभ्याच सांगितलं. काकूंचं हसू कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नसेल. त्या आधी ताईकडे आणि मग नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही लिहून दिलं होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "कशाला लिहिता हो? कुणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपणा करायला?"

काकांनी उजवं पाऊल ओढून जरा नीट ठेवलं, जसं काही तेवढंच एक काम राहिलं होतं. मग ताईकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर तिला परवडलं असतं.

"तो कागद जपून ठेवला होता तुम्ही," ते म्हणाले.

"हो, काका. फाइलला लावला होता."

"मला वाटलं हरवला असेल. काही बोलला नाहीत कधी, म्हणून." ते जरा भिंतीला टेकले. "मग मी म्हटलं, ताईंनी वाचलं असेल, विचार केला असेल, आणि तरी हेच बरोबर म्हणत असतील. शिकलेल्या आहेत. म्हणून मग मी तसंच करत राहिलो."

ताईने हातातली फळी खाली ठेवली.

"कधी वाचलात, ताई?"

खोटं बोलणं सोपं होतं. तेव्हाच वाचला म्हणाली असती तर निदान तिने विचार केला, चुकली, असं तरी झालं असतं.

"काल," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. काकूंच्या हातातली औषधाची पिशवी घेतली, पोटाशी धरली आणि भिंतीच्या आधाराने गेटकडे चालू लागले. चप्पल फरफटत होती. गेटजवळच्या खांबावर कुणीतरी शिडी लावून चढलं होतं आणि पोस्टरच्या खालची बारीक अक्षरं पांढऱ्या पट्टीने झाकत होतं. त्या खांबाशेजारी दोन हमाल बेसिनच्या खोक्यांसमोर उकिडवे बसले होते, पाठ ताठ, हात लांब.